दुकानाचा नफा 4 लाख 80 हजार, मग पैसे गेले कुठे? (नफा-तोटा पत्रक आणि ट्रायल बॅलन्स वाचायला मदत हवी)

स्वाती_वाळवा
12 मे 2025, रात्री 10:40

नमस्कार. आमचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे, तालुक्याच्या गावाला. सासऱ्यांनी चालू केलं, आता नवरा बघतो. मी शाळेत नोकरी करते, त्यामुळे हिशोबात आजवर कधी लक्ष घातलं नाही. मार्चअखेरचे कागद आले तेव्हा पहिल्यांदा वाचायला बसले आणि अडकले.

पत्रकात निव्वळ नफा 4,80,000 लिहिलाय, म्हणजे महिन्याला 40 हजार. पण 31 मार्चला बँकेत 21 हजार होते, आणि एप्रिलमध्ये मालाचे पैसे द्यायला मी माझ्या पगारातून 50 हजार दिले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "धंद्यात फिरतात." सासरे म्हणतात, त्यांच्या वेळी वर्षाखेरीला गल्ल्यात उरायचे तेवढाच नफा.

नफा-तोटा पत्रकातले मुख्य आकडे (जीएसटी सोडून):
विक्री 48,00,000
सुरुवातीचा माल 9,00,000
खरेदी 41,60,000
अखेरचा माल 12,40,000
ढोबळ नफा 9,80,000
सगळे खर्च मिळून 5,00,000 (कामाच्या मुलाचा पगार 1,80,000, भाडं 96,000, कर्जाचं व्याज 62,000, टेम्पोचा घसारा 45,000, हमाली आणि वाहतूक 42,000, बाकी लाईट, हिशोबाची फी, किरकोळ)

ट्रायल बॅलन्समध्ये दोन्ही बाजूंची बेरीज 65,27,000 येते, जुळते. मग चूक नाही असंच समजायचं ना? आणि चूक नसेल तर पैसे कुठे आहेत?

---

टॅलीवाला
12 मे 2025, रात्री 11:05

ताई, ट्रायल बॅलन्सच्या खाली `Difference in opening balances` अशी ओळ येतेय का? मागच्या वर्षीची कंपनी स्प्लिट करताना एखादं लेजर सुटलं की ती येते. आधी ती शून्य करा.

---

स्वाती_वाळवा
12 मे 2025, रात्री 11:12

नाही दादा, तशी ओळ नाहीये. बेरीज जुळतेय. प्रश्न फरकाचा नाही. नफा दिसतो आणि पैसे दिसत नाहीत, हा प्रश्न आहे.

---

अमोल_रिवाइंडिंग
13 मे 2025, सकाळी 8:20

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मीही यातून गेलोय. उत्तर सोपं आहे. तुमच्या कर्जाचा हप्ता पत्रकात पूर्ण धरलेलाच नाही. फक्त व्याज 62,000 धरलंय. हप्ता महिन्याला किती जातो ते बघा आणि पूर्ण हप्ता खर्चात टाका, नफा लगेच खरा दिसेल. हिशोब लिहिणारे ही चूक नेहमी करतात.

---

खतावणी
13 मे 2025, सकाळी 9:45

अमोलराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. हप्त्याचे पैसे खिशातून जातात हे खरं, पण मुद्दल खर्चात टाकायची नसते. कर्ज घेतलं त्या दिवशी ते उत्पन्न म्हणून धरलं नव्हतं, मग फेडताना खर्च कसा होईल? तेव्हा हिशोब लिहिणाऱ्याने इथे चूक केलेली नाही. मात्र "पैसे कुठे गेले" या प्रश्नाच्या उत्तरात मुद्दल येतेच.

स्वातीताई, मी तीस वर्षं मार्केट यार्डात दुकानदारांचे हिशोब लिहिले. ट्रायल बॅलन्सला आम्ही तेरीज म्हणायचो. तुमचा प्रश्न नफा-तोटा पत्रकातून सुटणार नाही, कारण त्यात पैसे दिसतच नाहीत. ते तेरजेत सापडतील. आणि एकट्या 31 मार्चच्या तेरजेतही नाही, तर मागच्या मार्चचे आकडे शेजारी ठेवल्यावर. टॅलीत `Gateway of Tally > Display More Reports > Trial Balance` इथे जाऊन `F12` दाबा आणि `Show Opening Balance` ला `Yes` करा. मग फक्त एवढी खाती इथे द्या: गिऱ्हाइकांकडून येणं, व्यापाऱ्यांचं देणं, जीएसटी देणं, कर्ज, उचल, रोख आणि बँक. प्रत्येकाची सुरुवात आणि अखेर.

---

स्वाती_वाळवा
13 मे 2025, रात्री 9:30

धन्यवाद काका. हे घ्या, आधी मार्च 2024 आणि मग मार्च 2025:

येणं 2,10,000, आता 4,35,000
व्यापाऱ्यांचं देणं 3,60,000, आता 5,10,000
जीएसटी देणं 22,000, आता 27,000
कर्ज 6,00,000, आता 5,16,000
टेम्पो 3,00,000, आता 2,55,000
रोख आणि बँक मिळून 2,46,000, आता 1,62,000
उचल वर्षभरात 1,15,000

आता इथेच माझा गोंधळ वाढला. आकडा 1,62,000 आहे, त्यात बँक 21,000 आणि "कॅश इन हँड" 1,41,000. पण 31 मार्चला रात्री गल्ला मी स्वतः मोजला होता, कारण दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा करायचा होता. गल्ल्यात 11 हजार होते. कुठे 1,41,000 आणि कुठे 11,000!

---

खतावणी
13 मे 2025, रात्री 10:50

ताई, गल्ला मोजलात हे फार चांगलं केलंत. पूर्ण तेरजेत तुम्ही हाताने मोजलेला हा एकच आकडा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी 1,30,000 चा फरक बाजूला ठेवून नफ्याचा माग काढू. नफा 4,80,000. त्यात घसाऱ्याचे 45,000 परत मिळवा, कारण ते कोणाला दिलेले नाहीत. झाले 5,25,000. माल 9 लाखांचा 12 लाख 40 हजार झाला, म्हणजे 3,40,000 रॅकवर जाऊन बसले. उधारी 2,25,000 ने वाढली, म्हणजे तेवढी विक्री नफ्यात आली पण गल्ल्यात आली नाही. उलट व्यापाऱ्यांचे 1,50,000 आणि जीएसटीचे 5,000 तुम्ही जास्त थकवले, तेवढे पैसे तुमच्याकडे राहिले. गोळाबेरीज केली तर वर्षभराच्या धंद्यातून हातात आले 1,15,000.

त्यातून कर्जाची मुद्दल 84,000 गेली. उरले 31,000. घरी उचल 1,15,000. म्हणजे 84,000 कमी पडले, ते जुन्या शिलकीतून गेले. 2,46,000 वजा 84,000, बरोबर 1,62,000. तेरीज इथपर्यंत पक्की जुळते.

पण तुमच्या गल्ल्यात 1,30,000 कमी आहेत. तुम्ही विचारलं होतं, बेरीज जुळते म्हणजे चूक नाही ना. त्याचं उत्तर इथे आहे. गल्ल्यातून पैसे काढले आणि कुठेच लिहिले नाहीत, तर रोखीच्या खात्यात ते पैसे तसेच दिसत राहतात. खर्चाच्या किंवा उचलीच्या खात्यात जायला हवे होते, तीही त्याच नावे, म्हणजे डेबिट बाजूची खाती. त्यामुळे बेरीज 65,27,000 च राहते, फक्त आकडा चुकीच्या ओळीत असतो. कॅश इन हँड फुगलेली दिसली की माझा पहिला संशय न लिहिलेल्या उचलीवर असतो.

---

अमोल_रिवाइंडिंग
14 मे 2025, सकाळी 7:55

काका, मुद्दलीचं आता डोक्यात शिरलं. पण मला एक सांगा, एवढं करायचंच कशाला? आयकराच्या 44एडी कलमाखाली विक्रीच्या 8 टक्के नफा दाखवायचा, विषय संपला. 48 लाखांवर 3,84,000. मी तेच करतो. हिशोब ठेवायची सक्तीच नाही.

---

दीपा_कु
14 मे 2025, सकाळी 9:10

अमोल, ते करापुरतं. 8 टक्के हा कायद्याने धरलेला अंदाज आहे, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर तर 6 टक्केच धरता येतात. स्वातीताईंच्या दुकानाने खरोखर किती कमावले याच्याशी त्याचा संबंध नाही. खरा नफा 2 लाख असो की 6 लाख, तो आकडा तोच येईल. त्यांना कर कमी करायचा नाहीये, पगारातले 50 हजार का द्यावे लागले ते कळायला हवंय.

ताई, मी ऑडिट फर्ममध्ये आर्टिकलशिप करतेय, म्हणून माझी नजर दुसरीकडे गेली. तुमच्याकडे टेम्पो आहे, त्याचा घसारा आहे, पण खर्चाच्या यादीत डिझेल कुठेच नाही. टेम्पो डिझेलशिवाय चालत नाही. ते पैसे कोण देतं?

---

स्वाती_वाळवा
14 मे 2025, रात्री 10:15

दीपा, तुमचा प्रश्न वाचून मी सरळ नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "गल्ल्यातून, दुसरीकडून कुठून देणार." पंपावरच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवतो. आज दोघांनी बसून त्या लावल्या. काही पुसल्या गेल्यात, पण वाचता येतात त्यांचेच 75,000 च्या आसपास झाले. हिशोब लिहिणाऱ्यांना त्या कधी दिल्याच नव्हत्या, कारण ते बँकेच्या नोंदी आणि बिलं तेवढी नेतात. म्हणजे यात त्यांची चूक नाही.

उरलेले 55,000 घरी आलेत. सासूबाईंची औषधं, गणपती, किराणा. ते कुणी लिहीत नव्हतं. मी आजवर समजत होते की घर माझ्या पगारावर चालतं आणि दुकानातून फार काही येत नाही.

---

खतावणी
14 मे 2025, रात्री 11:00

मग दोन दुरुस्त्या करा. डिझेलचे 75,000 खर्चात, म्हणजे नफा 4,05,000. आणि 55,000 उचलीत, म्हणजे वर्षाची उचल 1,70,000. रोख आणि बँक मिळून 32,000. धंद्यातून हातात आलेले 1,15,000 नव्हते, 40,000 होते. वर्षभराचे. त्यातून 84,000 मुद्दल आणि 1,70,000 घर. जुनी शिल्लक 2,14,000 ने का आटली, ते आता दिसतंय.

आणि त्या 32,000 मधलेही 27,000 मार्चच्या जीएसटीचे होते, 20 एप्रिलला जायचे. म्हणून तुम्हाला पगारातून द्यावे लागले.

---

मडगांवकार
15 मे 2025, दुपारी 1:30

माझी केस नेमकी उलटी आहे, म्हणून लिहितोय. मडगावला शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. जून-जुलैत गल्ला भरून वाहतो, माल देणाऱ्या पेढ्यांना पैसे मात्र तीन महिन्यांनी द्यायचे असतात. एका वर्षी जुलैअखेर बँकेत 6 लाख होते. मला वाटलं धंदा मस्त चाललाय, स्कूटर घेतली, दुकानाला नवं काउंटर केलं. सप्टेंबरमध्ये पेढ्यांचे लोक आले तेव्हा कळलं की त्यातले 5 लाखांहून जास्त त्यांचेच होते. मार्चला पत्रक आलं त्यात तोटा होता.

म्हणून ताईंच्या सासऱ्यांचं "गल्ल्यात उरेल तो नफा" हे मला पटत नाही. त्यांच्या काळी बहुतेक रोख खरेदी आणि रोख विक्री असेल, तेव्हा ते खरं असेल. उधारीवर माल घेणाऱ्याला गल्ला फसवतो.

---

स्वाती_वाळवा
15 मे 2025, रात्री 9:50

दादा, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले खरंय, त्यांच्या काळी माल सांगलीहून रोखीने यायचा आणि उधारी फक्त चार गवंड्यांना.

काका, आता माल आणि उधारीबद्दल विचारते. 3,40,000 रॅकवर आहेत म्हणालात. दिवाळीआधी डीलरची स्कीम होती, ठरावीक खरेदी केली तर जादा सूट. तेव्हा पेंट बराच भरला. उधारीत एका कॉन्ट्रॅक्टरचे 1,60,000 दिवाळीपासून अडकलेत. हे पैसे आज ना उद्या येतीलच ना? म्हणजे नफा खराच आहे, फक्त उशिरा हातात येणार, असं मानू का?

---

खतावणी
16 मे 2025, सकाळी 10:20

दोन्ही वेगळं आहे, ताई.

उधारीचं आधी. त्या 1,60,000 मध्ये जीएसटी धरलेला असणार. 18 टक्क्यांनी साधारण 24 हजार, आणि ते तुम्ही बिल फाडलं त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये सरकारला भरूनही झाले. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही हे जीएसटीला विचारायचं कारण नसतं. म्हणजे तिथे तुमचा माल गेला, वर कर गेला, आणि पत्रकात मात्र नफा बसला. तो माणूस थोडे थोडे देत असेल तर ठीक. दिवाळीपासून एक रुपया नसेल, तर माझ्या मनात मी तो नफा धरत नाही.

मालाचं जास्त गंभीर आहे. मला एवढंच सांगा, 12,40,000 हा आकडा कोणी मोजला?

---

स्वाती_वाळवा
16 मे 2025, रात्री 8:40

कोणीच नाही. नवरा म्हणाला, हिशोब लिहिणाऱ्यांनी फोनवर विचारलं "माल किती असेल?", हा म्हणाला "मागच्यापेक्षा बराच जास्त." मग त्यांनी आकडा धरला.

---

दीपा_कु
16 मे 2025, रात्री 9:25

हेच वाटलं होतं. ढोबळ नफा 20.4 टक्के येतोय, तो बहुधा मागच्या वर्षीइतकाच आलाय. बघा बरं. छोट्या दुकानांत माल मोजलेला नसला की नेहमीची टक्केवारी धरून उलटा अखेरचा माल काढतात. तसं केलं असेल तर नफा हा हिशोबातून आलेलाच नाही. आधी नफा ठरला आणि माल त्याच्यामागे आला.

---

खतावणी
16 मे 2025, रात्री 10:30

दीपाने बरोबर जागी बोट ठेवलं. खरेदी आणि विक्री बिलांवरून येतात, तिथे फारशी गडबड होत नाही. अखेरचा माल मात्र अंदाजाने धरला तर तेवढ्याने नफा हलतो, रुपयाला रुपया. आणि यातली खरी गोम ऐका. माल दीड लाखाने कमी निघाला तर नफा दीड लाखाने उतरेल, पण गल्ला जिथल्या तिथेच राहील. कारण मग "दीड लाख रॅकवर अडकले" हे खरंच नव्हतं. ते कधी कमावलेच नव्हते.

आता एप्रिल-मेची विक्री होऊन गेली, म्हणून 31 मार्चचा माल आज मोजता येणार नाही. पण मागे जाता येतं. आज मोजा, खरेदीच्या दराने, जीएसटी सोडून. त्यात एक एप्रिलपासून विकलेल्या मालाची खरेदी किंमत मिळवा आणि त्याच काळातली खरेदी वजा करा. पत्र्याला डाग पडलेला डबा, जमलेला प्रायमर, कोणी मागत नाही तो जुना नळ, हे खरेदी दराने धरू नका. आज विकून जे हाती येईल तेवढंच धरा.

---

दीपा_कु
16 मे 2025, रात्री 10:55

काका, एक अडचण. विकलेल्या मालाची खरेदी किंमत काढायला टक्केवारी लागेल, आणि तीच 20.4 वापरली तर आपण पुन्हा तिथेच येऊ. ती टक्केवारी त्या न मोजलेल्या मालातूनच आलेली आहे.

ताई, त्यापेक्षा 40 एक विक्रीची बिलं घ्या. काही काउंटरची, काही कॉन्ट्रॅक्टरची, काही पेंटची, काही फिटिंगची. प्रत्येक वस्तूचा खरेदी दर शोधा आणि बघा खरा मार्जिन किती पडतो.

---

स्वाती_वाळवा
18 मे 2025, रात्री 11:20

दोन दिवस लागले. 40 बिलं झाली. खिळे, बिजागऱ्या, कड्या यांवर मार्जिन चांगला आहे, तीस टक्क्यांच्या पुढे. पण पेंटवर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बिलांवर दहा-अकराच पडतो, आणि मोठी बिलं तीच आहेत. सगळ्यांचा मिळून 17 टक्के आला.

मागच्या वर्षीचं पत्रकही काढलं. ढोबळ नफा 20.5 टक्के होता. दीपा, तुम्ही म्हणालात तसंच.

---

खतावणी
19 मे 2025, सकाळी 9:00

17 टक्के धरला तर ढोबळ नफा 8,16,000 होतो, 9,80,000 नाही. 1,64,000 चा फरक. मग अखेरचा माल 10,76,000 च्या आसपास असायला हवा आणि निव्वळ नफा 2,41,000, म्हणजे महिन्याला 20 हजार. यात तुमच्या यजमानांच्या दिवसभराच्या मेहनतीचा पगार धरलेला नाही, कारण मालकीच्या दुकानात तो खर्चात येत नाही.

पण हा निकाल समजू नका. 40 बिलं थोडी आहेत, आणि मोठी बिलं जास्त उचलली गेली असतील तर 17 सुद्धा कमी वाटेल. मोजणी होऊ द्या.

---

अमोल_रिवाइंडिंग
19 मे 2025, सकाळी 9:40

काका, मला नाही पटत. पेंट कंपन्या वर्षाखेरीला सवलतीच्या क्रेडिट नोटा देतात. बिलावरच्या खरेदी दरात त्या दिसत नाहीत. त्या धरल्या तर पेंटचा मार्जिन दोन-तीन टक्के वाढेल.

---

खतावणी
19 मे 2025, सकाळी 10:15

हा मुद्दा अगदी बरोबर आहे, माझ्या ध्यानात नव्हता. ताई, क्रेडिट नोटा खरेदीतून वजा केल्यात की वेगळ्या उत्पन्नात दाखवल्यात, की अजून आल्याच नाहीत, ते डीलरच्या खतावणीवरून बघा. माल मोजताना पेंटच्या दरातूनही ती सूट वजा करावी लागेल, नाहीतर तो माल महाग धरला जाईल.

---

स्वाती_वाळवा
19 मे 2025, रात्री 10:05

दिवाळीच्या स्कीमची क्रेडिट नोट अजून आलेलीच नाही! नवरा उद्या डीलरकडे जाऊन खाते उतारा आणणार आहे.

सोमवारी दुकान बंद असतं, त्यामुळे 26 तारखेला मोजणीला बसतोय. सासरे रॅकचं सांगतील, मुलगी लिहील. गल्ल्याजवळ एक वही ठेवलीय, पैसे काढणाऱ्याने कारण लिहायचं. पहिल्या दिवशी सासूबाईंनीच लिहिलं, भाजी 120.

एक शंका राहिली. टिंटिंग मशिनच्या रंगाचे डबे अर्धे भरलेले असतात, ते कसे धरायचे? आणि बेसचे वीस लिटरचे काही डबे मागच्या दिवाळीच्या आधीचे आहेत.

---

मडगांवकार
19 मे 2025, रात्री 10:40

मशिनमधला रंग आम्हाला लागू नाही, पण कापडाच्या ताग्यांचं आम्ही मोजून धरतो, उरलेले मीटर गुणिले दर. तुम्ही डबा वजन करून तसंच करा. बेसच्या डब्यांवरची उत्पादनाची तारीख बघा आणि एक उघडून ढवळून पाहा. तळाशी घट्ट गोळा बसला असेल तर तो डबा शून्य.